मेपलची पानं आणि फुलं कशी वाळवायची? तोरण करण्याआधी हे समजून घ्या

कॅनडातल्या टोरांटो परिसरात साधारण ऑक्टोबरच्या मध्यात मेपलची पानं लाल-केशरी होतात. ती वहीत ठेवून दिली आणि आठवड्याने तोरणात ओवली, तरी काही दिवसांत कडा वळतात. असं का होतं?

पानं कधी गोळा करायची?
रंग पूर्ण आलेला, पण पान अजून लवचिक असतानाच. जमिनीवर पडून कुरकुरीत झालेलं पान दाबलं की मोडतं. दव आणि पाऊस वाळल्यावर, उशिराच्या सकाळी पानं घ्या. ओल्या पानांवर बुरशी येते.

सपाट कशी करायची?
समजा, दोन मीटरचं तोरण करायचं आहे. दर दहा सेंटीमीटरवर एक, अशी साधारण २० पानं लागतील. काही तुटतात, म्हणून ३० घ्या. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये ती एकमेकांवर न येता पसरा आणि वर जाड पुस्तकांचा भार ठेवा. गुळगुळीत, चकचकीत कागद नको, तो पाणी शोषत नाही. पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त पाणी बाहेर पडतं, म्हणून दुसऱ्या दिवशी कागद बदला, मग दर दोन-तीन दिवसांनी. पानांना साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात.

कॉसमॉससारख्या पातळ फुलांना दोन-तीन आठवडे द्या. झेंडूसारखं जाड फूल अख्खं दाबू नका, मधला भाग ओला राहून काळा पडतो. त्याच्या पाकळ्या सुट्या करून वाळवा.

वाळलं हे कसं ओळखायचं?
पान गालाला लावून बघा. गार लागलं, तर आत अजून ओल आहे. देठ वाकवला की तो कट्कन मोडायला हवा, पण ही परीक्षा जादा पानांपैकी एकावरच करा.

मग कडा का वळतात?
वाळलेलं पान हवेतली आर्द्रता शोषतं आणि सोडतं. त्यामुळे ते फुगतं, आकसतं आणि वळतं. उपाय म्हणजे मेणाचा थर. गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मधमाश्यांचं मेण वितळवा. थेट आचेवर ठेवू नका, मेण पेट घेऊ शकतं. पान देठाला धरून एक-दोन सेकंद बुडवा, जादा मेण निथळू द्या आणि टांगून ठेवा. मेण जाड, पांढुरकं बसलं, तर ते पुरेसं गरम नव्हतं असं समजा.

रंग किती टिकतो?
मेणामुळे आकार टिकतो, रंग मात्र उन्हात उडतोच. म्हणून तोरण किंवा भिंतीवरची सजावट खिडकीसमोर नको, आतल्या भिंतीवर लावा. मेण लावलेली पानं दिवा, पणती आणि हीटरपासूनही लांब ठेवा.