दोन कपांचा चहा

घरातले कुणी गेले की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी ठरलेली वाक्ये येतात: 'काळ हेच औषध', 'मुलांकडे बघून सावरा'. समोर बसून कुणी ती म्हणतो तेव्हा त्याचा हातही आपल्या हातात असतो. कागदावर तो हात नसतो, नुसता सल्ला उरतो. म्हणून शोकाविषयी लिहिणे वेगळे शिकावे लागते.

एकाच वाक्यापासून सुरुवात करा. समजा, आठ महिन्यांपूर्वी पती गेलेल्या एका बाईंविषयी तुम्ही लिहिता आहात: 'त्या अजून नैराश्यातून बाहेर आलेल्या नाहीत.' नैराश्य हे निदान आहे. ते करण्याआधी डॉक्टर झोप, भूक, कामातले लक्ष, जगण्याची इच्छा, हे सारे किती दिवस चालले आहे याची चौकशी करतात. तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात अर्धा तास बसला होतात. तिथे काय पाहिले, ते लिहा: 'सकाळी चहा टाकताना त्या अजून दोन कपांचे पाणी मोजतात.' 'अजून' इथेही आहे, पण आता त्यात तक्रार नाही.

त्या पहिल्या 'अजून'मागे एक वेळापत्रक दडलेले असते. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९च्या पुस्तकात नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच अवस्था मांडल्या. त्या मरणाच्या दारातील रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून आल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या पुढे लावल्या गेल्या, आणि त्यांचा जणू जिनाच झाला. कोण कोणत्या पायरीवर अडकले, हे लिहू नये. दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हे निदान आज वैद्यकात आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी नुसते सहा महिने उलटणे पुरत नाही. तो शोक त्या समाजाच्या रीतीपलीकडे गेला आहे का, त्याने रोजचे जगणे अडले आहे का, हेही पाहावे लागते. ज्या घरात वर्षश्राद्धापर्यंत सण करत नाहीत, तिथे आठवा महिना हा शोकाचाच महिना असतो.

एका ठिकाणी मात्र लेखणी खाली ठेवावी. 'आता जगून काय करू' असे त्या म्हणाल्या, तर ते लेखाचे वाक्य नव्हे. जीव द्यावासा वाटतो का, हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. त्यांना एकटे सोडू नका, घरच्यांना सांगा, टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलणे करून द्या.

लेख झाला की छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. चहाचे वाक्य तुम्हाला सर्वांत आवडलेले असेल. तेच काढा असे त्या म्हणाल्या, तर कारण न विचारता काढा.