ठिणगी एकाची, थर्माकोल दुसऱ्याचा

बांधकामावर वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा ग्राइंडिंग सुरू करण्याआधी जो हॉट वर्क परमिट भरावा लागतो, त्याला बहुतेक लोक कारकुनी समजतात. वेल्डरला आपले काम येते, मग त्याला परवानगी कसली द्यायची? पण या कागदाची कुळकथा पाहिली तर तो वेल्डरच्या कौशल्यावर अविश्वास म्हणून जन्मलेला दिसत नाही. ठिणगी पाडणारा एक आणि ती जिथे पडते त्या मालाचा धनी दुसरा, अशी परिस्थिती उद्भवली तेव्हा त्याची गरज पडली. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजाचे लष्करी वाहतुकीसाठी रूपांतर चालू होते. जहाज म्हणायचे एवढेच, प्रत्यक्षात ते तरंगते बांधकामच होते. मोठ्या दालनातले धातूचे खांब टॉर्चने कापत असताना ठिणग्या तिथेच रचलेल्या लाइफ जॅकेटच्या गठ्ठ्यांवर पडल्या. त्या जॅकेटांत कपोक, म्हणजे सावरीच्या कापसासारखा सहज पेटणारा तंतू भरलेला होता. खांब कापणे आणि जॅकेट उतरवणे, दोन्ही कामे आपापल्या जागी रास्त होती. ती एकाच दालनात एकाच वेळी होऊ नयेत, हे ठरवणारा मात्र कोणी नव्हता. विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भाराने जहाज कलंडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यालगतच आडवे झाले.

१९५३ साली अमेरिकेतल्या लिव्होनिया येथील जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स कारखान्यातही हेच घडले. बाहेरचे कंत्राटी कामगार उंचावर वाफेच्या पाइपचे काम करत होते, खाली कन्व्हेयरखालच्या ट्रेमध्ये ज्वलनशील द्रव होता. आग छतापर्यंत पोचली, छतावरचे डांबर वितळून आत ठिबकू लागले आणि तो प्रचंड कारखाना जवळजवळ संपूर्ण गेला. पुढे १९६२च्या ‘एनएफपीए ५१बी’ या अमेरिकी मानकातले दोन आकडे आजही फॉर्मवर भेटतात: ज्वलनशील वस्तू ३५ फूट, म्हणजे सुमारे ११ मीटर दूर हलवा, आणि काम संपल्यावरही किमान अर्धा तास पहारा ठेवा. हलवता येत नसेल तर अग्निरोधक ब्लँकेटने झाका, जमिनीतली भोके आणि फटी बुजवा. या मानकावर बेतलेल्या अमेरिकी सरकारी नियमांत कारखान्यांसाठी जागेची पाहणी सक्तीची आहे, लेखी परवाना मात्र ‘शक्यतो’ द्यावा असे म्हटले आहे. बांधकामाच्या वेगळ्या नियमात पहारा ‘पुरेसा वेळ’ ठेवा म्हटले आहे, मिनिटे दिलेली नाहीत. माझ्या मते हा उलटा न्याय आहे. कारखान्यात माल कुठे असतो ते ठरलेले असते. बांधकामावर सकाळी मोकळा असलेला मजला दुपारी थर्माकोलच्या शीटनी भरतो, आणि त्या शीट उतरवणाऱ्या कंत्राटदाराला वर कटिंग चालले आहे याचा पत्ताही नसतो.

अंतराच्या नियमावर एक आक्षेप रास्त आहे: वर्तुळ जमिनीवर आखता येते, ठिणगी मात्र खाली पडते. ११ एप्रिल १९९६ रोजी ड्यूसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू होते. वर सगळा काँक्रीटचा रस्ता, म्हणजे वेल्डरच्या नजरेच्या टप्प्यात पेटण्यासारखे काहीच नव्हते. खाली छताच्या पोकळीत मात्र पॉलिस्टायरिनचे, म्हणजे आपल्या थर्माकोलचेच, उष्णतारोधक आवरण होते. ते पेटले, धूर टर्मिनलभर पसरला आणि १७ जणांचा जीव गेला. म्हणून परमिट देणाऱ्याने कामाची जागा पाहून भागत नाही, तिच्या खाली आणि भिंतीपलीकडे जाऊन यावे लागते. तापलेला लोखंडी पाइप भिंतीच्या दुसऱ्या बाजूचा माल ठिणगीशिवायही पेटवू शकतो. पोकळीत अडकलेला कण ज्वाळा न दाखवता धुमसत राहतो, त्यामुळे टॉर्च बंद झाल्यानंतरचा वेळच जास्त धोक्याचा ठरतो. ‘५१बी’च्या २०१९च्या आवृत्तीत अर्ध्या तासाचा पहारा एक तास झाला, त्यामागचा तर्क हाच.

दुसरा आक्षेप याहून जड आहे: फॉर्म भरला जातो, पण कोणी बघत नाही. हे खरे आहे, आणि बनावट परमिट कागदावरच ओळखू येतो. पाच ठिकाणचे परमिट सकाळी साडेआठला एकाच पेनाने सही झालेले असतील, तर पाचही जागा पाहून झालेल्या नाहीत. फायर वॉचरच्या रकान्यात हेल्परचे नाव असेल आणि तोच खाली सळया उचलताना दिसत असेल, तर पहारा नाहीच. सर्वात बोलका रकाना शेवटचा, काम बंद केल्याच्या वेळेचा. तो सकाळीच भरलेला आढळला, की त्या दिवशीचा परमिट रद्द करून टॉर्च खाली ठेवायला लावावी. आक्षेप घेणारे म्हणतात, मग कागदच काढून टाका. पण कागद नसता तर ही लबाडी झाली की नाही, हेही कळले नसते. भारतीय मानक आयएस ३०१६ वेल्डिंग-कटिंगमधल्या आगीच्या खबरदारीचेच आहे. तेव्हा नियम नाहीत ही सबब चालत नाही. अडते ते एवढ्यावरच, की परमिट देणाऱ्या सेफ्टी ऑफिसरला मजल्यावरचा दुसऱ्या कंत्राटदाराचा माल हलवायला लावण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी दिलेलाच नसतो.