एक क्रमांक, अनेक चेहरे

मंडळी, आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. इमोजी पाठवताना आपण चित्र पाठवतच नाही, पाठवतो तो एक क्रमांक. चित्र काढतो समोरच्याचा फोन.

हे असं का झालं? १९९९ साली जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिन्हं तयार केली, प्रत्येक बारा बाय बारा ठिपक्यांत बसवलेलं. तिथल्या इतर मोबाइल कंपन्यांचीही आपापली चिन्हं होती आणि क्रमांक जिचे तिचे. २०१० साली युनिकोडने ते एक केले. क्रमांक दिला, नाव दिलं, नमुन्याचं चित्रही दिलं. पण रेखाटन ज्याचं त्याच्यावर सोडलं.

यात गैर काय, असं तुम्ही विचाराल. आपण 'नालासोपारा' टाइप केलं तर एका फोनवर 'ल' पाकळीचा दिसतो, दुसऱ्यावर हिंदी वळणाचा, दांड्याचा. क्रमांक तोच. मराठी डोळ्याला खटकतं खरं, पण वाचताना कुणी अडत नाही, कारण अक्षराच्या आकारामागे उच्चार उभा असतो. चेहऱ्यामागे असं काही नसतं. तिथे आकार हाच अर्थ.

आता U+1F601 हा क्रमांक घ्या. युनिकोडमधल्या नावाचा भावार्थ असा की डोळेही हसताहेत आणि दात दाखवून हसणारा चेहरा. समजा, २०१५ साली वसईच्या मुलीने अँड्रॉइड फोनवरून विरारच्या मावशीला एसएमएस केला, 'उद्या येतेय', आणि पुढे हे चिन्ह. मुलीच्या पडद्यावर चेहरा खुशीत आहे. मावशीकडे आयफोन. त्यावर तेव्हा हाच चेहरा दात आवळून बसलेला, अवघडल्यासारखा दिसे. मावशीला वाटणार, पोरीची यायची इच्छा दिसत नाही! दोघींपैकी कुणीच चुकलेलं नाही, आणि आपापल्या फोनमध्ये पाहून कुणाला उलगडाही होणार नाही.

२०१६ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उणे पाच ते अधिक पाच अशा मापाने लोकांकडून चेहरे जोखून घेतले. अ‍ॅपलचा हा चेहरा सरासरीने उणे बाजूला गेला, इतर कंपन्यांचे स्पष्टपणे अधिक बाजूला. अ‍ॅपलने तो त्याच वर्षी बदलला.

व्हॉट्सअ‍ॅपवर हा घोळ कमी होतो, बरं का. २०१७ पासून अँड्रॉइडवर त्यांची स्वतःची चित्रं आहेत, आणि ती अ‍ॅपलच्या वळणाची आहेत. एसएमएसमध्ये मात्र ज्याच्या त्याच्या फोनचंच चित्र उमटतं. शंका आली तर समोरच्याकडून स्क्रीनशॉट मागवावा.

पण सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. त्याच अभ्यासात अगदी एकच रेखाटन पाहणाऱ्यांचंही, भाव चांगला की वाईट यावर, सुमारे पंचवीस टक्के वेळा एकमत झालं नव्हतं.