गुणाकाराची बेरीज करणारे फलन

जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदमचे पहिले कोष्टक छापले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खगोलशास्त्रज्ञांचे लांबलचक गुणाकार होते. त्या कोष्टकात शून्य लॉग होता एक कोटीचा, एकचा नव्हे. त्यामुळे दोन संख्यांच्या लॉगची बेरीज केली, की गुणाकाराचा लॉग थेट मिळत नसे. मध्ये एक दुरुस्ती करावी लागे. पुढच्याच वर्षी लंडनचा हेन्री ब्रिग्ज त्याला भेटायला एडिंबराला गेला. १ चा लॉग शून्य असावा, यावर दोघांचे एकमत झाले. ब्रिग्जने १० चा लॉग १ धरून नवी कोष्टके केली.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८२१ साली, फ्रेंच गणिती कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकात प्रश्न उलटा केला. नियम एवढाच दिला आहे:

f(xy) = f(x) + f(y)

मग f कोण? माझ्या मते लॉगॅरिदमची खरी ओळख इथे पटते.

x आणि y दोन्ही १ घ्या. f(1) = f(1) + f(1), म्हणजे f(1) शून्यच. १ चा लॉग शून्य ही निवड तेव्हा सोय म्हणून झाली होती, पण या नियमात ती अटळ आहे. एकच संख्या n वेळा गुणली, तर f(xⁿ) = n·f(x). आता f(10) = 1 धरू आणि x वाढला की f वाढते असे मानू. २ चा दहावा घात १०२४, हजारापेक्षा मोठा. म्हणून 10·f(2) हे ३ पेक्षा जास्त. तेरावा घात ८१९२, दहा हजारांपेक्षा लहान. म्हणून 13·f(2) हे ४ पेक्षा कमी. f(2) सापडले ०.३ आणि ०.३०८ यांच्यामध्ये. ९३ वा घात दहाच्या २८ व्या घाताला पोचत नाही आणि १९६ वा घात ५९ व्या घातापुढे जातो. त्यामुळे f(2) ०.३०१०२ आणि ०.३०१०८ यांच्यात अडकते. घात वाढवत गेलो, की ही फट हवी तेवढी बारीक होते आणि निवडीला जागाच उरत नाही. ब्रिग्जच्या कोष्टकातलाच ०.३०१०३ येतो. २ च्या जागी कोणतीही धन संख्या घेतली, तरी युक्तिवाद तोच.

पण सारी मदार ‘वाढते’ या एका शब्दावर आहे. नैसर्गिक संख्येचे मूळ अवयव मोजा: ८ चे तीन, ७ चा एक, ५६ चे चार. गुणाकाराची बेरीज इथेही होते, मात्र ८ ला ३ आणि ११ ला १ मिळतो, म्हणून हा लॉग नव्हे. कोशीने वाढीऐवजी फलन सलग असण्याची अट घातली होती. तिनेही हेच साधते. दोन्ही अटी सोडल्या, तर सर्व धन संख्यांवरही लॉग नसलेली उत्तरे निघतात, हे जॉर्ज हॅमेलने १९०५ साली दाखवले.