न्यूटनच्या घरचं गणित, गॉसच्या नावावर

एका गोलात विद्युतप्रभाराची घनता केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढत जाते, ρ = kr. आतलं-बाहेरचं क्षेत्र आणि विभव काढा. बी.एस्सी.ला ज्यानं भौतिकशास्त्र घेतलं, त्यानं हे गणित गॉसचा नियम लावून सोडवलेलं असतं. माझं म्हणणं असं, की या गणिताचं आडनाव चुकलं आहे.

गॉसच्या बाजूनं बोलणारे त्याच्या 1813 च्या निबंधाकडे बोट दाखवतात. पण त्या निबंधाचा विषय आहे एकजिनसी लंबगोल पिंडांचं आकर्षण. विजेचा तिथे संबंध नाही. शिवाय पृष्ठभागावरून आत डोकावायची ही युक्ती लाग्रांजकडे 1773 मध्येच होती. आणि गोलापुरतं बोलायचं तर त्याहून जुना दस्तऐवज आहे. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'त (1687), पहिल्या खंडातलं 76 वं प्रमेय. केंद्रापासून बाहेर जाताना घनता कशीही बदलो, एकाच अंतरावर सगळीकडे सारखी असली की पुरे. बाहेरून असा गोल सगळं वस्तुमान केंद्रात गोळा झाल्यासारखाच ओढतो. आतल्या बिंदूसाठी 70 वं प्रमेय आहेच: त्या बिंदूच्या बाहेर राहिलेली टरफलं त्याला ओढतच नाहीत. आपलं गणित सोडवायला आणखी काय लागतं? वस्तुमानाच्या जागी प्रभार लिहायचा, झालं.

ओढाताण वाटत असेल तर दुवा दाखवतो: हेन्री कॅव्हेंडिश. 1772-73 च्या सुमारास त्यानं एक गोल दोन पोकळ अर्धगोलांच्या आत ठेवला, बाहेरच्या कवचाला प्रभार दिला आणि आतल्या गोलावर काही उतरतो का ते पाहिलं. काही उतरलं नाही. म्हणजे 70 वं प्रमेय विजेलाही लागू, म्हणजे बलाचा नियमही वर्गव्यस्तच. हाच गृहस्थ 1798 मध्ये पृथ्वीची सरासरी घनता मोजतो, पाण्याच्या साडेपाचपटीच्या आसपास. ती पायाखालच्या खडकापेक्षा बरीच जास्त, म्हणून पृथ्वी आत जड असली पाहिजे. आपला गोल त्या पृथ्वीची उलटी बाजू आहे: मध्यात पोकळसर, कडेला दाट. (प्रयोग 1879 पर्यंत कागदांतच पडून राहिला. मॅक्सवेलनं छापला.)

आता गणित. r त्रिज्येच्या आतला प्रभार टरफल-टरफल मोजायचा. पातळ टरफलाचा प्रभार kr × 4πr²dr, सगळ्यांची बेरीज πkr⁴. म्हणून आतलं क्षेत्र kr²/4ε₀. गोलाची त्रिज्या R, तर बाहेरचं kR⁴/4ε₀r². पृष्ठभागावर दोन्ही जुळतात. विभवासाठी बाहेरून आत यायचं, अनंतावर शून्य धरून: पृष्ठभागावर kR³/4ε₀, आणि आत k(4R³ − r³)/12ε₀. आकडे घालून पाहा. 10 सेंमी त्रिज्येचा गोल, एकूण प्रभार 1 नॅनोकूलोम. पृष्ठभागावर 90 व्होल्ट, केंद्रात 120. तेवढाच प्रभार सारखा पसरला असता तर केंद्रात 135 आले असते. अर्ध्या त्रिज्येवर क्षेत्र 225 व्होल्ट प्रति मीटर. सारख्या घनतेच्या गोलात ते 450.

नेहमीची चूक म्हणजे काठावरची घनता kr घेऊन सरळ घनफळानं गुणणं. मग आतला प्रभार 4πkr⁴/3 येतो, खऱ्याच्या 4/3 पट. पकडायची खूण सोपी: आतला प्रभार असा मोजला आणि एकूण प्रभार दिलेला 1 नॅनोकूलोमच धरला, तर पृष्ठभागावर आतलं क्षेत्र 1200 येतं आणि बाहेरचं 900. तिथे पृष्ठप्रभाराचा थर नाही, तर क्षेत्रानं उडी घ्यायचं कारणच नाही.

आणि गंमत अशी, की केंद्राचं विभव पृष्ठभागाच्या नेमकं 4/3 पटच असतं! मी बराच वेळ या दोन 4/3 मध्ये नातं शोधत बसलो. घनता rⁿ धरली की कळतं: चुकीचा गुणक (n+3)/3, विभवांचं गुणोत्तर (n+3)/(n+2). दोन्ही जुळतात ते n = 1 लाच. योगायोग. पण दुसरं सूत्र मात्र हातचं सोडू नये. सारख्या घनतेला 3/2, आपल्या गोलाला 4/3, मग 5/4, 6/5... n वाढवत न्या. प्रभार कडेला ढकलला जातो आणि गुणोत्तर 1 वर येतं. म्हणजे केंद्र आणि पृष्ठभाग एकाच विभवावर, आत क्षेत्रच नाही. हेच ते कॅव्हेंडिशचं कवच.

रेषीय घनताच का निवडली असेल? माझा कयास साधा आहे: पहिल्यांदा समाकलन करायला लावायचं, पण हात भाजू द्यायचा नाही. r गुणिले r², उत्तर r⁴/4. निसर्गात असा गोल कोणी घडवत नाही. वाहकात प्रभार कडेलाच पळतो, म्हणून तो विद्युतरोधक धरावा लागतो, आणि त्यात प्रभार असा मापात कोण भरणार! ग्रिफिथ्सच्या पाठ्यपुस्तकातही तो आहे.

राहिला 'विभव' हा शब्द. या अर्थानं 'पोटेन्शियल' जॉर्ज ग्रीननं 1828 मध्ये आणला आणि गॉसनं पुढे स्वतंत्रपणे तोच वापरला, इथे मात्र गॉसला माझी काही हरकत नाही. मूळ लॅटिन शब्दात सामर्थ्य आहे. आपल्या 'विभव'मध्ये सामर्थ्यही आहे आणि संपत्तीही. 120 व्होल्ट केंद्रात आणि 90 कडेला, तर प्रभार कडेला दाटला असूनही श्रीमंती मधल्याचीच.