शास्त्रीय व्यवस्थापन

कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून दिवसाचे प्रमाण ठरवायचे आणि मजुरी त्याच्याशी बांधायची, ही पद्धत. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) याने ती रूढ केली. त्याचा मुख्य ग्रंथ १९११ चा.

बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९९ मध्ये कच्च्या लोखंडाच्या सुमारे ४२ किलोच्या लगडी हमाल वाघिणीत चढवत. टेलरच्या सांगण्यानुसार दिवसाचे काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेले, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. पुढील संशोधकांना ही हकीकत रंगवलेली आढळली. तिच्यातला एक हिशेब मात्र महत्त्वाचा आहे: इतके ओझे उचलणाऱ्याचे हात दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ मोकळे हवेत, असे टेलरनेच मांडले होते. विसावा हा मोजमापाचाच भाग होता. पुढे घड्याळ राहिले, विसावा गळाला.

मुंबईच्या गिरण्यांत ही पद्धत ‘रॅशनलायझेशन’ म्हणून आली. दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, अशी योजना ससून समूहाच्या गिरण्यांत सुरू झाली. कागदावर ती सोपी होती. पण सूत हलके असले की धागा वारंवार तुटतो, आणि एका मागाचा धागा सांधेपर्यंत दुसरा माग थांबतो. शिवाय तिघांचे काम दोघांनी केले की तिसरा घरी बसतो. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते, त्यामागचे हे एक मोठे कारण.

आजच्या कॉल सेंटरमध्ये मागाची जागा ‘एएचटी’ने घेतली आहे: बोलणे, होल्ड आणि नंतरची नोंद मिळून एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. सात तासांच्या प्रत्यक्ष कामात, सहा मिनिटांच्या सरासरीने, जास्तीत जास्त ७० कॉल बसतात. या मापाचा खरा उपयोग आहे: किती माणसे लागतील हे कळते, ग्राहकाला ताटकळावे लागत नाही. पण सरासरी पाचवर आणण्याचा दट्ट्या लागला की कर्मचारी अवघड तक्रार दुसऱ्याकडे ढकलतो किंवा अर्धवट उत्तर देतो. ‘एएचटी’ घटत असताना त्याच ग्राहकांचे पुन्हा येणारे फोन वाढू लागले, तर लक्ष्य फसले असे समजावे.

गोदामात हेच काम हातातला स्कॅनर करतो. मालाचा ठावठिकाणा अचूक कळतो, चुकीची पाठवणी कमी होते. मात्र दोन स्कॅनमधले लांबलेले अंतर रिकामा वेळ म्हणून नोंदले जाते. त्यात लांबचे कपाट, पाणी आणि लघवीला जाणे सगळे एकाच मापाने धरले जाते. २०२४ मध्ये मानेसरच्या एका गोदामात, ट्रक रिकामे होईपर्यंत पाण्याला वा स्वच्छतागृहाला न जाण्याची शपथ कामगारांना दिल्याच्या बातम्यांची राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली.

कॅलिफोर्नियात २०२२ पासून मोठ्या गोदामांना कामाचा कोटा कामगाराला लेखी कळवावा लागतो. जेवण, विश्रांती किंवा स्वच्छतागृहाचा वेळ बुडवणारा कोटा तिथे लादता येत नाही.