वरचा ओठ, पंचेचाळीस तास

हा घटनाक्रम कोणा एकीचा नाही. ओठातली धमनी फिलरने बंद पडते, तेव्हा गोष्टी ज्या क्रमाने घडतात तो क्रम एका काल्पनिक तरुणीच्या दोन दिवसांत मांडला आहे.

शनिवार, सकाळी ११.२०. पुण्यातलं एक सलून. तरुणीचं वय २९. दोन्ही गालांत मिळून दोन मिली, हनुवटीत एक आणि ओठांत एक मिली असं ठरतं. फिलर म्हणजे हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं जेल. हा पदार्थ शरीरात मुळातच असतो, पण तो लवकर विरघळू नये म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. गालात आणि हनुवटीत घट्ट जेल हाडालगत ठेवतात, म्हणजे वरची त्वचा उचलली जाते. ओठात मऊ जेल लागतं. ओठाचा परिणाम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, गालाचा बहुधा त्याहून जास्त.

११.३०. संमतीपत्रावर सही होते. फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज हे एन्झाइम सलूनमध्ये आहे का, हे ती विचारत नाही. विचारायचं असतं हेच तिला कोणी सांगितलेलं नाही. सलूनच्या फ्रीजमध्ये त्याची एकही कुपी नाही.

दुपारी १२.०५. गाल आणि हनुवटी झाली. आता वरचा ओठ. सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढला जातो. सिरिंजमध्ये रक्त येत नाही, म्हणून पुढचं इंजेक्शन सुरू होतं. पण जेल दाट आणि सुई बारीक असल्यावर टोक धमनीत असूनही रक्त न येणं शक्य असतं. वरच्या ओठाची धमनी बहुतेकींमध्ये आतल्या ओलसर अस्तराच्या जवळून जाते, पण प्रत्येक चेहऱ्यात तिची वाट थोडी वेगळी.

१२.०७. ओठाच्या उजव्या बाजूला पांढरा पट्टा उमटतो आणि नाकपुडीच्या पायथ्यापर्यंत चढतो. काही सेकंदांत फिका पडतो. सुई थांबत नाही. माझ्या मते सगळं इथेच ठरलं.

१२.१५. दुखत नाही. जेलमध्येच लिडोकेन आहे, शिवाय आधी बधिर करणारं क्रीम लावलेलं. बर्फाचा पॅक देऊन तिला घरी पाठवतात. बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

दुपारी ४.००. बधिरपणा गेला, ठणका सुरू झाला. ती फोन करते. “मॅडम, पहिल्या दोन दिवसांत सूज वाढतेच, काळजी करू नका,” असं उत्तर येतं. सुजेपुरतं ते खरं आहे. ओठाचा खरा आकार दोन आठवड्यांनीच दिसतो. पण वाढत जाणारी, एकाच बाजूची वेदना सुजेची नसते.

रात्री ९.३०. ओठावर आणि नाकाच्या कडेला जांभळी नक्षी, जाळीसारखी. बहीण म्हणते, “ताई, नीळ उतरलीय गं.” नीळ सुई टोचली तिथे, सलग डागासारखी असते. ही जाळी सुई न गेलेल्या जागीही पसरली आहे, कारण तिथे रक्त नेणारी धमनी तीच. बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबीपणा दोन सेकंदांत परतायला हवा. इथे पाच लागले असते. कोणी दाबून पाहत नाही.

(याच वेळी एका डोळ्याला अचानक दिसेनासं झालं असतं, तर तासांचा नव्हे, मिनिटांचा प्रश्न होता. चेहऱ्याच्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. तेव्हा फोन सलूनला करायचा नसतो, थेट नेत्रविभाग असलेलं रुग्णालय गाठायचं असतं.)

रविवार, सकाळी ८.००. वीस तास होत आले. ती फोटो पाठवते. सलूनला सुट्टी. संध्याकाळी उत्तर येतं: अँटिसेप्टिक मलम लावा.

सोमवार, सकाळी ७.००. ओठाच्या कडेला पांढरट पुटकुळ्या. नागीण असावी असं वाटून केमिस्टकडून मलम येतं. पण नागिणीत ही जाळी नसते.

सकाळी ९.३०. त्वचारोगतज्ज्ञ बोटाने दाबतात, सोडतात, मोजतात. हायल्युरोनिडेजच्या १५०० युनिटच्या कुपीतली पावडर सलाइनमध्ये मिसळून ओठात आणि नाकाच्या पायथ्याशी सोडली जाते. गरम शेक, मालिश, अ‍ॅस्पिरिन. तासाभराने पुन्हा तपासणी, पुन्हा डोस. हाच उपाय पहिल्या चार तासांत झाला असता, तर ओठ बहुधा पूर्ण वाचला असता.

दुपारी १२.४५. तिसऱ्या डोसनंतर जाळीचा बराच भाग गुलाबी होतो. नाकाचा पायथा सावरतो. ओठाच्या कडेचा डाळीच्या दाण्याएवढा तुकडा राखाडीच राहतो.

चौदावा दिवस. गाल आणि हनुवटी ठरल्याप्रमाणे बसली आहेत. ओठावरची काळी खपली सुटते आणि खाली खाच दिसते. व्रण नीट करण्याचा विचार तो पूर्ण स्थिरावल्यावर, म्हणजे काही महिन्यांनीच होईल, असं डॉक्टर सांगतात.